इंग्रजी विशेषणांतला हायफन: कुठे हवा, कुठे नको

इंग्रजीत नामाच्या आधी आलेले दोन किंवा अधिक शब्द मिळून एकाच विशेषणाचे काम करत असतील, तर त्यांच्यामध्ये हायफन घालण्याची रीत आहे. ‘लाँग-टर्म प्लॅन’ म्हणजे दीर्घ मुदतीची योजना. यातला ‘लाँग’ योजनेबद्दल काहीच सांगत नाही. लांब आहे ती मुदत, आणि त्या लांब मुदतीची ती योजना. ‘वेल-नोन ऑथर’ म्हणजे सुप्रसिद्ध लेखक. तिथेही ‘वेल’ हा शब्द लेखकाला लागू नाही, तो ‘नोन’ला चिकटलेला आहे. आधीच्या दोन शब्दांची जोडी आपसात आधी लागते आणि मग ती जोडी एकसंधपणे नामाला लागते, एवढेच हायफन वाचणाऱ्याला सांगतो. मराठी व्याकरणाच्या भाषेत अशा जोडीला संयुक्त विशेषण म्हणता येईल.

इंग्रजीला ही आडवी रेघ का लागते, ते मराठीशेजारी ठेवून पाहिले की लवकर कळते. ‘ओल्ड फर्निचर डीलर’ हे तीन शब्द घ्या. यातून दोन अर्थ निघतात: जुन्या फर्निचरचा विक्रेता, किंवा फर्निचरचा म्हातारा विक्रेता. मराठीत ही शंका उद्भवतच नाही. ‘जुन्या’ हे सामान्यरूप ‘फर्निचरचा’ या षष्ठीशी बांधलेले असते, आणि विक्रेत्याबद्दल बोलायचे असेल तर ‘जुना’ किंवा ‘म्हातारा’ असे वेगळे रूप वेगळ्या जागी येते. इंग्रजीतल्या विशेषणाला लिंग, वचन, विभक्ती यांचा स्पर्श होत नाही आणि नामे तर एकामागे एक नुसती मांडली तरी चालतात. त्यामुळे कोणता शब्द कोणाचा, हे शब्दाच्या रूपावरून ओळखता येत नाही. बोलताना आवाजाच्या चढउतारावरून ते कळते. कागदावर आवाज नसतो, म्हणून ‘ओल्ड-फर्निचर डीलर’ असा हायफन घालावा लागतो. मग म्हातारा विक्रेता बाद होतो आणि जुने सामान उरते.

मराठीतही संयोगचिन्ह आहेच, पण त्याचे मुख्य काम निराळे आहे. ‘आई-वडील’, ‘देणे-घेणे’ अशा जोड्यांत ते ‘आणि’च्या जागी येते. विशेषणाचे काम करणारे समास आपण सहसा सलग लिहितो: दीर्घकालीन, सुप्रसिद्ध, नवनिर्वाचित. त्यामुळे मराठीत विचार करून इंग्रजी लिहिणाऱ्याचा हात इंग्रजी हायफनापाशी अडखळतो. एक तर तो हवा तिथे राहून जातो, नाहीतर दोन शब्द जवळचे वाटले की कुठेही पडतो.

हायफन हवा की नको, हे तपासण्याची एक सोपी रीत आहे. प्रत्येक शब्द एकटाच नामापुढे ठेवून पाहायचा. ‘लार्ज वुडन टेबल’मध्ये टेबल मोठेही आहे आणि लाकडीही आहे, दोन्ही विशेषणे थेट टेबलाची आहेत, म्हणून हायफन नको. ‘फास्ट-ग्रोइंग सिटी’मध्ये मात्र शहर ‘फास्ट’ आहे असे म्हणायचे नसते. वेगवान आहे ती वाढ. एकट्या शब्दाने अर्थ बिघडला की जोडी संयुक्त आहे असे समजावे.

ही चाचणी नेमकी कुठे फसते तेही पाहायला हवे. ‘ओल्ड डीलर’ आणि ‘फर्निचर डीलर’ हे दोन्ही प्रयोग अर्थपूर्ण आहेत. चाचणी म्हणेल, हायफनाची गरज नाही. वस्तुस्थिती उलटी आहे. दोन्ही अर्थ जिथे नीट लागतात तिथेच वाचणारा चुकण्याची शक्यता सर्वांत जास्त, आणि तिथेच हायफन सर्वांत उपयोगी. ‘स्मॉल बिझनेस ओनर’ म्हणजे लहान धंद्याचा मालक की अंगाने लहानखुरा मालक? संदर्भाने अर्थ लागतो हे खरे, पण वाचणाऱ्याला अर्धा क्षण थांबावे लागते. हा अर्धा क्षण वाचवणे हेच हायफनाचे काम. म्हणून शब्दांना प्रश्न विचारून झाला की लिहिणाऱ्याने स्वतःलाही एक प्रश्न विचारावा: आपल्याला म्हणायचे आहे ते सोडून दुसरा अर्थ इथे लागू शकतो का?

आकडे आणि वय आले की हा प्रश्न चेष्टेचा राहत नाही. ‘20 इयर ओल्ड ट्रीज’ हे चार शब्द हायफनाशिवाय लिहिले तर काहीच ठरत नाही. ‘20-इयर-ओल्ड ट्रीज’ म्हणजे वीस वर्षे वयाची झाडे. किती, ते सांगितलेले नाही. ‘20 इयर-ओल्ड ट्रीज’ म्हणजे एकेक वर्षाची वीस झाडे. आकडा आणि ‘इयर’ यांच्यातला एक हायफन गेला आणि झाडांचे वय वीसवरून एकावर आले. ‘20-इयर ओल्ड’ असा अर्धवट हायफन बरेचदा दिसतो, तो मात्र सरळ चूक आहे. आकडा, वर्ष आणि वय ही तिन्ही पदे एका साखळीतली आहेत, तेव्हा दोन्ही दुवे हवेत. वय नामानंतर आले, म्हणजे ‘द ट्रीज आर 20 इयर्स ओल्ड’ असे वाक्य असले, की एकही हायफन लागत नाही आणि ‘इयर’चे ‘इयर्स’ होते. नामाच्या आधी मात्र ते एकवचनीच राहते: ‘टेन-इयर काँट्रॅक्ट’, ‘फाइव्ह-डे वीक’. ‘टेन-इयर्स काँट्रॅक्ट’ हे मराठीतल्या ‘दहा वर्षांचा करार’ या अनेकवचनाच्या सवयीने आलेले रूप दिसते.

मापांच्या बाबतीत शास्त्रीय लेखनाची रीत थोडी वेगळी आहे. एककाचे पूर्ण नाव लिहिले तर हायफन येतो, जसे ‘फाइव्ह-किलोग्रॅम बॅग’. आकड्यापुढे नुसते चिन्ह असेल, जसे 5 kg, तर मध्ये मोकळी जागा सोडायची आणि हायफन घालायचा नाही, मग ते माप विशेषण म्हणून का येईना. पैशांच्या बाबतीतही असेच. ‘₹5 क्रोअर प्रोजेक्ट’ असे रुपयाच्या चिन्हासह लिहिले तर हायफन लागत नाही. चिन्हानेच रक्कम एकत्र बांधलेली असते. अक्षरी लिहिताना मात्र ‘फाइव्ह-क्रोअर-रुपी प्रोजेक्ट’ अशी साखळी करावी लागते. कधी दोन साखळ्यांचा शेवटचा शब्द एकच असतो. ‘दोन आणि तीन वर्षांचे अभ्यासक्रम’ म्हणायचे असेल तर ‘टू- अँड थ्री-इयर कोर्सेस’ असे लिहितात. पहिला हायफन पुढे काही नसल्यासारखा लोंबकळतो, पण तो बरोबर आहे. त्याचा जोडीदार शब्द पुढे येणार असतो.

आता हायफन नको तिथली ठिकाणे. सर्वांत मोठा नियम जागेचा आहे. जोडी नामाच्या आधी असते तेव्हाच ती कोणाला लागते याचा गोंधळ होतो. ती नामानंतर, क्रियापदाच्या पलीकडे गेली की गोंधळ संपतो आणि बहुतेक वेळा हायफनही. ‘अ वेल-नोन ऑथर’, पण ‘द ऑथर इज वेल नोन’. ‘अप-टू-डेट रजिस्टर’, पण ‘कीप द रजिस्टर अप टू डेट’. ‘अ लाँग-टर्म प्लॅन’, पण ‘इन द लाँग टर्म’. या शेवटच्या प्रयोगात ‘टर्म’ हेच नाम आहे आणि ‘लाँग’ त्याचे साधे विशेषण, त्यामुळे जोडायला काही उरतच नाही. कार्यालयीन इंग्रजीत ‘इन द लाँग-टर्म’ इतके आढळते की ते बरोबरच वाटू लागते. तसे ते नाही.

या नियमाला अपवाद आहेत. ‘लेफ्ट-हँडेड’सारखे शब्द कोशातच कायमचे हायफनासह नोंदलेले असतात आणि ते वाक्यात कुठेही आले तरी तसेच राहतात. ‘वेल-नोन’बद्दल तर मोठ्या शैलीपुस्तिकांतही एकमत नव्हते. शिकागो विद्यापीठाच्या मुद्रणालयाची 1906 पासून निघणारी शैलीपुस्तिका नामानंतरचा हायफन साधारणपणे काढायला सांगते. असोसिएटेड प्रेस या अमेरिकी वृत्तसंस्थेच्या जुन्या पुस्तिकांत मात्र ‘इज’ किंवा ‘वॉज’नंतरही तो ठेवायला सांगितलेले असे. आणखी एक बारकावा असा की ‘वेल’लाच कोणी विशेषण लावले, जसे ‘अ व्हेरी वेल नोन ऑथर’, तर शिकागोच्या रीतीप्रमाणे नामाच्या आधीही हायफन जातो, कारण ‘व्हेरी’ ‘वेल’ला लागला की पुढची साखळी आपोआप उलगडते.

दुसरे ठिकाण म्हणजे ‘ली’ने संपणारी क्रियाविशेषणे. ‘न्यूली अपॉइंटेड ऑफिसर’, ‘हायली पेड एक्झिक्युटिव्ह’, ‘पब्लिकली ओन्ड कंपनी’ यांत हायफन नको. कारण तर्काचे आहे. ‘न्यूली’ हे क्रियाविशेषण आहे, ते नामाला लागूच शकत नाही. ‘न्यूली ऑफिसर’ असा प्रयोग इंग्रजीत होत नाही. वाचणाऱ्याला चुकीचा अर्थ लावायची संधीच नाही, मग खूण कशासाठी? ‘फास्ट’, ‘हार्ड’ यांसारख्या शब्दांची गोष्ट वेगळी. ते विशेषणही असतात आणि क्रियाविशेषणही, म्हणून ‘हार्ड-वर्किंग क्लर्क’सारख्या जोडीला हायफनाचा आधार लागतो. काही कोश तर हा शब्द सलगच देतात.

शेवटी ‘ली’ दिसला म्हणून हायफन खोडणाऱ्याची एके ठिकाणी फसगत होते. ‘फॅमिली’ हे नाम आहे, ‘फ्रेंडली’ आणि ‘कॉस्टली’ ही विशेषणे आहेत. त्यामुळे ‘फॅमिली-ओन्ड हॉटेल’ आणि ‘फ्रेंडली-लुकिंग डॉग’ हेच बरोबर. पाहायचे ते अक्षर नव्हे, शब्दाची जात.

तिसरी चूक भारतीय कार्यालयांत रोज होते, आणि तिचा विशेषणांशी संबंध उसना आहे. ‘फॉलो-अप मीटिंग’मध्ये हायफन हवा, ‘अ फॉलो-अप’ या नामातही हवा. पण ‘प्लीज फॉलो अप’ या वाक्यात ‘फॉलो’ हे क्रियापद आहे आणि ‘अप’ त्याच्यामागे येणारा सुटा शब्द. तिथे हायफन चूक. त्याची खूण सोपी आहे. वाक्य भूतकाळात नेऊन पाहावे. ‘वी फॉलोड अप’ असे होते, म्हणजे प्रत्यय पहिल्या शब्दाला लागतो आणि दोन्ही शब्द वेगळे आहेत. नामाला असा प्रत्यय लागत नाही.

विशेषनामे आणि लॅटिनमधून आलेले कायदेशीर शब्दप्रयोग यांनाही हायफन नको. ‘सुप्रीम कोर्ट जजमेंट’मध्ये ‘सुप्रीम कोर्ट’ हे मोठ्या अक्षरांनी आधीच एकत्र बांधलेले असते. ‘ॲड हॉक कमिटी’, ‘प्रायमा फेसी केस’ यांतली जोडी तुटण्याचा धोका नसतो, कारण एकटा ‘हॉक’ किंवा एकटा ‘फेसी’ इंग्रजीत कोणाचेच विशेषण होत नाही. अधिकृत नाव जसे छापले जाते तसेच ठेवायचे, हाही संकेत आहे. वर्णन म्हणून ‘फाइव्ह-इयर प्लॅन’ लिहिताना हायफन हवा, पण नियोजन आयोगाच्या अकराव्या योजनेच्या ग्रंथाच्या नावात तो नाही, तर ग्रंथाचे नाव देताना तो आपण होऊन घालू नये.

हायफन एक असतो आणि जोडायची पदे जास्त असतात, तिथे खरी पंचाईत होते. बालमजुरीविरुद्धच्या मोहिमेला कोणी ‘अँटी-चाइल्ड लेबर कॅम्पेन’ लिहिले तर हायफन ‘अँटी’ला फक्त ‘चाइल्ड’शी बांधतो आणि मोहीम मुलांच्याच विरोधात जाऊन बसते. ‘अँटी-चाइल्ड-लेबर कॅम्पेन’ असे दोन हायफन दिले की अर्थ जाग्यावर येतो. फुप्फुसांच्या कर्करोगाच्या एका मोठ्या गटाचे इंग्रजी नाव हे याचेच खरे उदाहरण आहे. सूक्ष्मदर्शकाखाली लहान पेशी दिसतात त्या प्रकाराला ‘स्मॉल सेल’ म्हणतात आणि बाकीचे प्रकार ‘नॉन-स्मॉल सेल लंग कॅन्सर’ या नावाखाली येतात. नकार ‘स्मॉल सेल’ या संपूर्ण जोडीला आहे, पण साधा हायफन तो फक्त ‘स्मॉल’पर्यंत पोहोचवतो. अमेरिकन मेडिकल असोसिएशनच्या शैलीत म्हणून इथे हायफनाऐवजी त्याहून लांब रेघ वापरतात. लांब रेघ म्हणजे पुढचे दोन्ही शब्द एकत्र धरा अशी खूण. फरक इतका बारीक आहे की डॉक्टरांखेरीज तो कोणाच्या लक्षात येत असेल असे वाटत नाही.

हे सगळे नियम दगडावरची रेघ नाहीत. इंग्रजीत जोडशब्दाचा प्रवास साधारणपणे सुट्या शब्दांकडून हायफनाकडे आणि पुढे सलग शब्दाकडे होतो, पण काही शब्द वाटेतून परतही फिरतात. ‘शॉर्टर ऑक्सफर्ड इंग्लिश डिक्शनरी’च्या 2007 मधल्या सहाव्या आवृत्तीने सुमारे 16,000 शब्दांतले हायफन काढले. ‘आइसक्रीम’ दोन सुटे शब्द झाला, ‘बंबलबी’ सलग झाला. ही बहुतेक नामे होती; नामाआधीच्या विशेषणांतला हायफन त्यामुळे रद्द झाला नाही. तिथला बदल 2019 मध्ये असोसिएटेड प्रेसने करून पाहिला. जोडी सर्वांच्या ओळखीची असेल आणि अर्थ स्पष्ट असेल तर हायफन नको, असे त्यांनी ठरवले. ‘चॉकलेट चिप कुकी’, ‘रिअल इस्टेट एजंट’ यांबद्दल फारशी तक्रार झाली नाही. पण ‘फर्स्ट-क्वार्टर टचडाउन’मधला, म्हणजे अमेरिकी फुटबॉलच्या पहिल्या सत्रातल्या गुणाच्या वर्णनातला हायफन काढल्यावर संपादकांनी इतकी ओरड केली की तो त्याच वर्षी परत आणावा लागला. पहिल्या सत्रातला टचडाउन की सत्रातला पहिला टचडाउन, हा प्रश्न त्यांना नको होता. ही माघार योग्यच होती. ओळखीच्या जोडीतला हायफन सोडला तर काही बिघडत नाही. दोन अर्थ जिवंत असतील तिथला सोडणे म्हणजे आपले काम वाचणाऱ्यावर ढकलणे.

हे सारे एका वाक्यात तपासून पाहता येईल. समजा, एका गृहनिर्माण संस्थेच्या इंग्रजी वार्षिक अहवालात असे लिहिले आहे की ‘न्यूली-इलेक्टेड कमिटी’ने ‘लाँग टर्म प्लॅन’ मंजूर केला, त्यात ‘20 इयर-ओल्ड पाइप्स’ बदलायचे आहेत, ‘टेन-इयर्स काँट्रॅक्ट’ करायचा आहे आणि त्यामुळे ‘इन द लाँग-टर्म’ पैसे वाचतील. पहिल्या जोडीत ‘ली’ने संपणारे क्रियाविशेषण आहे, हायफन काढायचा. दुसरी जोडी नामाच्या आधी आहे आणि ‘लाँग’ हा शब्द मुदतीचा आहे, हायफन घालायचा. तिसऱ्या ठिकाणी नुसता नियमभंग नाही, चुकीची माहिती आहे. जसे लिहिले आहे त्याचा अर्थ संस्था एकेक वर्ष वापरलेले वीस पाइप बदलणार असा होतो, आणि हिशेब तपासणारा विचारेल की वर्षभरात पाइप खराब कसे झाले. आकड्यानंतर आणखी एक हायफन दिला की पाइप वीस वर्षांचे जुने होतात. चौथ्यात हायफन बरोबर आहे, जादा ‘एस’ तेवढा काढायचा. पाचव्यात ‘टर्म’ स्वतःच नाम आहे, हायफन काढायचा. हिशेब केला तर दोन हायफन गेले आणि दोन नवे आले.

असे वाक्य दुरुस्त करताना संगणकावरच्या शोधून बदलण्याच्या सोयीवर विसंबू नये. ‘लाँग टर्म’ जिथे जिथे असेल तिथे ‘लाँग-टर्म’ करा असे सांगितले, तर दुसऱ्या जागेची चूक सुधारेल आणि पाचवी आहे तशीच राहील. अहवालात इतरत्र कुठे ती बरोबर लिहिलेली असेल तर तिथेही बिघडेल. प्रत्येक ठिकाणी पुढचे नाम पाहूनच निर्णय घ्यावा लागतो. ओळीच्या शेवटी ‘20-’ एकटे पडून ‘इयर-ओल्ड’ खाली जाऊ नये यासाठी मायक्रोसॉफ्ट वर्डमध्ये Ctrl+Shift+Hyphen या कळांनी न तुटणारा हायफन घालता येतो. आणि एवढे करूनही एखाद्या साखळीत तीन-चार हायफन गोळा झाले, तर ती साखळी मोडून नाम आधी आणावे आणि वर्णन मागे टाकावे. ‘पाइप्स दॅट आर 20 इयर्स ओल्ड’ या शब्दांत हायफनही नाही आणि शंकाही नाही.